मदत हवी आहे: कथेतल्या आर्किटेक्टचे एआय व्ह्यूज एकमेकांशी जुळत नाहीयेत

कथा लिहितेय. नवखी आर्किटेक्ट, छोटंसं बैठं घर, क्लायंटला प्लॅन वाचता येत नाही म्हणून ती साध्या थ्रीडी मॉडेलचे स्क्रीनशॉट एआयला देऊन घराचे वेगवेगळ्या बाजूंनी व्ह्यूज काढते आणि त्यावरच तिला काम मिळतं. गाडी अडलीये ती इथे की प्रत्येक व्ह्यू वेगळा बनतो, समोरून दोन खिडक्या आणि कोपऱ्यातून बघितलं तर त्याच भिंतीला तीन, आणि असं काही क्लायंटच्या नजरेतून सुटत नाही. आधी मी तिला प्रॉम्प्टमध्ये ‘दोन खिडक्या’ लिहायला लावलं, स्वतः करून बघितलं, काही उपयोग नाही. मग थ्रीडी मॉडेलमधून डेप्थ मॅप काढून प्रत्येक व्ह्यूला जोडला, आता खिडक्या जागेवर राहतात पण एकात उघडी वीट तर दुसऱ्यात प्लास्टर. नेहमीचं रेंडरिंग सॉफ्टवेअर सुचवू नका प्लीज, तिच्याकडे एकच रात्र आहे आणि कथाच एआयवर आहे. प्रॅक्टिस करणाऱ्यांनी सांगा, भिंतींचं मटेरियल सगळीकडे सारखं राहायला तुम्ही पहिला व्ह्यू रेफरन्स इमेज म्हणून द्याल, की थ्रीडी मॉडेलमध्येच रंग भरून डिनॉइजिंग स्ट्रेंग्थ कमी ठेवाल?