डॉकस्ट्रिंग म्हणते वरचा रुपया, कोड देतो खालचा : रिव्ह्यूमध्ये कोणाचे खरे मानावे?

अर्धविराम

बिलावरील सवलतीचा बदल असलेली एक पुल रिक्वेस्ट माझ्याकडे रिव्ह्यूसाठी आली आहे. बदललेल्या ओळींच्या शेजारीच हे जुने फंक्शन आहे आणि नवा कोड त्याला हाक मारतो :

```python
def nearest_rupee(amount):
    """Round to the nearest rupee; 50 paise goes up."""
    return int(round(amount))
```

पन्नास पैसे असल्यास वरचा रुपया धरावा, असे डॉकस्ट्रिंग सांगते. मी सहज ११२.५ देऊन पाहिले, तर उत्तर ११२ आले. पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, कोड काही वर्षे प्रॉडक्शनमध्ये विनातक्रार चालू आहे, तेव्हा डॉकस्ट्रिंग दुरुस्त करून पुढे जावे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. अशा वेळी प्रमाण कोणाचे मानावे?

रात्रपाळी

तुमच्या सहकाऱ्याचे बरोबर आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळतो तेव्हा तो डॉकस्ट्रिंग वाचून कोसळत नाही. ग्राहकाच्या हातात गेलेले प्रत्येक बिल कोडने काढलेले आहे, म्हणून प्रणालीचे वर्तन म्हणजे कोड. कमेंट ही कोणीतरी, कधीतरी, घाईत लिहिलेली इच्छा असते. ती चालवली जात नाही, तपासली जात नाही, आणि कोड बदलताना तिच्याकडे लक्ष देणेही कोणावर बंधनकारक नसते. माझ्या अनुभवात दोहोंत विसंगती आढळली की दहापैकी नऊ वेळा कमेंट शिळी झालेली असते. वर्तन बदलू नये, डॉकस्ट्रिंग बदलावी.

कोकणकडा

रात्रपाळी यांचा ‘वर्तन म्हणजे कोड’ हा मुद्दा मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ‘आत्ता काय होते’ या प्रश्नाचे उत्तर कोडच देतो, त्यात वाद नाही. पण रिव्ह्यू करणाऱ्यापुढचा प्रश्न ‘काय व्हायला हवे होते’ हा असतो, आणि त्याबाबतीत कोड स्वतःच आरोपी असल्यामुळे त्याचीच साक्ष अंतिम मानता येत नाही. विसंगतीतून एवढेच सिद्ध होते की दोघांपैकी किमान एक चुकीचा आहे. कोणता, हे बाहेरून शोधावे लागते.

इथे तर कोडच्या अंगावरच एक खूण आहे. त्या ओळीतला `int(...)` पाहा. पायथॉन ३ मध्ये `round` ला एकच आर्ग्युमेंट दिले तर पूर्णांकच मिळतो, त्यामुळे `int` लावण्याची काही गरज नसते. पायथॉन २ मध्ये मात्र `round(112.5)` हे `113.0` असे दशांश रूपात येत असे, म्हणून `int` लावावा लागे. ही ओळ बहुधा पायथॉन २ च्या काळात लिहिलेली आहे, आणि त्या काळात डॉकस्ट्रिंग अक्षरशः खरी होती, कारण तिथे बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या शून्यापासून दूर नेली जात असे. पायथॉन ३ मध्ये नियम बदलला आणि अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे जाऊ लागली. म्हणून ११२.५ चे ११२ होतात, पण ११३.५ चे ११४ होतात.

थोडक्यात, माझा अंदाज असा की ना कोड कोणी बदलला, ना डॉकस्ट्रिंग. दोन्हींच्या पायाखालची जमीन सरकली. ‘कमेंट शिळी होते’ हा नेहमीचा आडाखा इथे उलटा पडतो : शिळा झाला तो कोड. आपण हे तपासून पाहा :

```
git log -L :nearest_rupee:billing.py
```

दोन्ही ओळी एकाच कमिटमध्ये आल्या असतील आणि नंतर कोणी हात लावला नसेल, तर ‘जी ओळ नंतर बदलली ती खरी’ हा रिव्ह्यूतला लोकप्रिय नियमही इथे निरुपयोगी आहे, हे लक्षात येईल. (कोडचे स्वरूपण करणारे साधन मध्ये कधी चालवले असेल, तर `git blame` सगळ्याचे श्रेय त्या कमिटला देते, त्या तारखेने फसू नये.)

जमाखर्च

मी प्रोग्रामर नाही, हिशेब तपासणारा आहे, त्यामुळे प्रश्न नीट समजला नसल्यास क्षमस्व. पण पन्नास पैशांचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरला कोणी दिला? केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ चे कलम १७० स्पष्ट आहे : देय कराची रक्कम जवळच्या रुपयात पूर्णांकित करावी, पैसे पन्नास किंवा अधिक असल्यास एक रुपया धरावा, त्याहून कमी असल्यास सोडून द्यावेत. सम रुपया, विषम रुपया असा भेद त्यात कुठेही नाही.

उदाहरण पाहा. करपात्र रक्कम १,२५० रुपये आणि दर १८ टक्के, म्हणजे केंद्राचे ९ टक्के व राज्याचे ९ टक्के. प्रत्येकी ११२.५० रुपये होतात. कलमाप्रमाणे प्रत्येकी ११३, एकूण बिल १,४७६. आपले यंत्र प्रत्येकी ११२ धरून १,४७४ दाखवत असेल, तर अशा प्रत्येक बिलात दोन रुपये कर कमी दाखवला जात आहे. मात्र बऱ्याच पेढ्या बिलावर कर पैशांसकट दाखवतात आणि पूर्णांकन केवळ एकूण रकमेवर करतात. आपल्याकडे कोणती पद्धत आहे, ते आधी सांगावे.

कोकणकडा

प्रश्न आपल्याला नीट समजला आहे. मी ज्याला ‘बाहेरून शोधणे’ म्हणालो ते हेच. कोड आणि डॉकस्ट्रिंग यांच्या भांडणात कलम हा तिसरा साक्षीदार आहे, आणि तो डॉकस्ट्रिंगच्या बाजूने बोलतो.

शेवटची ओळ

मला हा सगळा खटाटोप डॉकस्ट्रिंग लिहिण्याच्या सवयीतूनच आलेला वाटतो. आमच्याकडे एका फंक्शनवर ‘अपयश आल्यास तीन वेळा पुन्हा प्रयत्न करतो’ असे लिहिले होते आणि आत `for i in range(3)` होते. म्हणजे एकूण प्रयत्न तीन, ‘पुन्हा’ फक्त दोन. समोरच्या सेवेची दुरुस्ती तिसऱ्या पुनःप्रयत्नापर्यंत होईल या हिशेबाने दुसऱ्या गटाने आपली मुदत ठरवली होती, आणि दोन आठवडे दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवत होते. तेव्हापासून मी कमेंट लिहीत नाही, नावे नीट देतो. फंक्शनचे नाव `round_half_up` असते तर हा धागाच निघाला नसता.

कोकणकडा

नाव `round_half_up` आणि आत `round` असते, तर नावही तेवढेच खोटे ठरले असते. नाव हीसुद्धा न तपासलेली कमेंटच आहे. शिवाय इथे डॉकस्ट्रिंग नसती तर अर्धविराम यांना ११२ मध्ये काही खटकलेच नसते. आपल्या उदाहरणातही चूक पकडली जाऊ शकली ती वाक्य लिहिलेले होते म्हणूनच.

रात्रपाळी

पायथॉन २ चा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य करतो. पण मग एक ओळीची दुरुस्ती आहे, त्यासाठी एवढी चर्चा कशाला? याच पुल रिक्वेस्टमध्ये `return math.floor(amount + 0.5)` लिहा आणि मोकळे व्हा.

कोकणकडा

त्या ओळीने ११२.५ चे ११३ होतील, पण परताव्याच्या नोंदी उणे रकमेने होत असतील तर −११२.५ चे −११२ होतील. मूळ बिल ११३ आणि परतावा ११२ : एक रुपया खात्यात लोंबकळत राहील. पायथॉन २ मधला `round` −११३ देत असे, आणि आजचा −११२ देतो. ११२ आणि −११२ एकमेकांना छेदतात, त्यामुळेच कदाचित इतकी वर्षे कोणाच्या ताळ्यात काही आले नसेल. गंमत अशी की ‘50 paise goes up’ या वाक्यात उणे रकमेसाठी ‘वर’ म्हणजे शून्याकडे की शून्यापासून दूर, हे सांगितलेलेच नाही. म्हणजे डॉकस्ट्रिंग खरी असली तरी पुरी नाही. `decimal` मॉड्यूलमधील `ROUND_HALF_UP` अर्ध्यावरची संख्या शून्यापासून दूर नेतो, म्हणून मी तो वापरीन :

```python
d = Decimal(str(amount))
return int(d.quantize(Decimal("1"), rounding=ROUND_HALF_UP))
```

आणि याच पुल रिक्वेस्टमध्ये मुळीच नाही. सवलतीचा बदल काही कारणाने मागे घ्यावा लागला, तर करातली दुरुस्तीही त्याच्यासोबत मागे जाईल.

अर्धविराम

सर्वांचे आभार, तपासून आलो. दोन्ही ओळी ऑगस्ट २०१७ मधील एकाच कमिटमधल्या आहेत, आणि तेव्हा आमचा प्रकल्प पायथॉन २.७ वर होता. स्थलांतर २०२० साली `2to3` चालवून झाले. ते साधन `round` ला हात लावत नाही, त्यामुळे फरकात ही ओळ दिसलीच नाही आणि रिव्ह्यूमध्ये कोणाच्या नजरेखालूनही गेली नाही.

‘टेस्ट का फुटली नाही’ याचे उत्तर मात्र मला अधिक बोचले. टेस्ट आहे, आणि ती डॉकस्ट्रिंग वाचूनच लिहिलेली आहे, पण तिच्यात करपात्र रक्कम १,१५० घेतली आहे. नऊ टक्के म्हणजे १०३.५०, आणि सम पूर्णांकाकडे गेले तरी उत्तर १०४ च येते. १,०५० किंवा १,२५० घेतले असते तर टेस्ट स्थलांतराच्या दिवशीच फुटली असती. रुपयांत पूर्ण असलेल्या रकमांपैकी केवळ पन्नासने संपणाऱ्या रकमांवर नऊ टक्के बरोबर अर्ध्यावर येतात, आणि त्यांतही एकाआड एक चुकते. आमच्या दरपत्रकात पन्नासने संपणाऱ्या किमती भरपूर आहेत.

जमाखर्च, आम्ही पूर्णांकन प्रत्येक करावर वेगळे करतो. आमच्या लेखा विभागाने डॉकस्ट्रिंगचा अर्थच बरोबर असल्याचे लेखी कळवले आहे. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये करीत आहे, आणि डॉकस्ट्रिंगमध्ये उणे रकमेचा उल्लेख करून अशी उदाहरणे घालत आहे :

```python
>>> nearest_rupee(112.5)
113
>>> nearest_rupee(-112.5)
-113
```

आमच्या स्वयंचलित तपासणीत `python -m doctest billing.py` जोडले, म्हणजे डॉकस्ट्रिंगचा निदान हा भाग तरी चालवला जाईल.

रात्रपाळी

उदाहरणे चालतील, भोवतालचे वाक्य चालणार नाही. उद्या कोणी त्या वाक्यात ‘जवळच्या दहा रुपयांत’ असे लिहिले तरी `doctest` गप्पच राहील. माझे मत मी बदललेले नाही : तुम्हाला लेखा विभाग विचारायला मिळाला म्हणून डॉकस्ट्रिंग जिंकली. ज्या कोडबद्दल विचारायला कोणीच उरलेले नाही आणि कलमही नाही, तिथे मी चालू वर्तनच जपेन.

कोकणकडा

तिथे मीही वर्तन तसेच ठेवीन, पण डॉकस्ट्रिंग मुकाट्याने कोडशी जुळवून घेणार नाही. ‘वर्तन असे आहे, हेतू वेगळा असावा असे दिसते, अमुक तारखेला आढळले’ एवढे तिथेच लिहून ठेवीन. जुळवून टाकली, तर पुढच्या माणसाला शंका घेण्याचे एकमेव कारणही पुसले जाते.

जमाखर्च

एक विचारायचे राहिले. दुरुस्तीनंतर एखाद्या ग्राहकाने जुन्या, ११२ रुपये कर लावलेल्या बिलावरचा माल परत केला, तर आपले यंत्र परताव्याचा कर नव्याने मोजून ११३ दाखवणार, की मूळ बिलावरचा आकडा उचलणार?

अर्धविराम

नव्याने मोजते. हे लक्षातच आले नव्हते; कमिट थांबवली आहे.