सत्काराला उत्तर देताना : तुमचे अनुभव

डोंबिवलीकर
आमच्या बाबांनी एकतीस वर्षं रुग्णसाहित्य केंद्र चालवलं. वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, कमोडची खुर्ची. अनामत ठेवायची, साहित्य न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. गेल्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. उत्तराचं भाषण लिहायला मी बसलो. केंद्राच्या स्थापनेपासून सुरुवात केली आणि चार पानं भरली. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे सगळं मानपत्रात येणारच आहे. तेच परत मी कशाला सांगू?"

मग त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. जेमतेम तीनशे शब्द, सावकाश बोलून तीन मिनिटं. त्यातलं मधलं असं होतं : "परत आलेली कमोडची खुर्ची धुवायला कुणी पुढे येत नाही. आमच्याकडे एक ताई बावीस वर्षं ते काम करतात. आधी साबणाचं पाणी, मग जंतुनाशक, मग कडक ऊन. त्यांच्या हातून गेलेली खुर्ची मी कुणाच्याही घरी निर्धास्त पाठवली. पाण्याच्या गादीला भोक पडलं की चौकातला सायकलवाला ठिगळ लावून देतो, पैसे घेत नाही. आणि काही घरांतून माणूस गेल्यावर, तेराव्यानंतर, साहित्य पुसून परत आलं आणि अनामत केंद्रालाच राहू द्या म्हणाले. तिजोरीत तेच पैसे आहेत."

ताईंचं नाव बाबांनी घेतलं, पण आदल्या दिवशी घरी जाऊन विचारून. बाबांनी हात केला तेव्हा त्या चौथ्या रांगेत उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेपर्यंत बाबा पुढचं बोलले नाहीत.

तुमच्या घरात, संस्थेत असं कुणी बोललं असेल तर लिहा. काय चुकलं तेही लिहा.

माईकवाला
वीस-बावीस वर्षं सूत्रसंचालन करतोय. सत्कारमूर्तींची पाळी येते तेव्हा प्रास्ताविक, परिचय, मानपत्र आणि दोन-तीन पाहुणे होऊन गेलेले असतात. लोक दीड तास बसलेले असतात. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं त्यांनी परत घेतली की पहिली दोन मिनिटं तिथेच जातात. तुमच्या बाबांनी ती वाचवली असावीत.

सहकाऱ्यांची यादी वाचू नये. चाळीस नावं वाचली की एक्केचाळिसावा दुखावतो. तिघांचं काम नीट सांगावं आणि ते तिघे असे निवडावेत की ज्यांचं नाव मानपत्रात नाही. कागद मोठ्या अक्षरात लिहा, शाल घेतली की चष्मा काढायला हात मोकळा राहत नाही.

नाशिकची सून
यादीबद्दल मला पटत नाही. आमच्या सासूबाईंनी महिला मंडळाच्या सत्कारात तिघींचीच नावं घेतली. त्यांच्यासोबत पहिल्या दिवसापासून पोळ्या लाटणारी मैत्रीण राहून गेली. मुद्दाम नाही, ती इतकी जवळची की नाव घ्यायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याकडे गेल्या. ती बोलली नेहमीसारखीच, पण मंडळात येणं कमी झालं. अजूनही सासूबाई तो विषय निघाला की गप्प होतात. यादी कंटाळवाणी झाली असती तरी चाललं असतं.

सातारी
आमच्याकडे अशा शाली खूप जमतात. आम्ही थंडीआधी वृद्धाश्रमात देतो. नारळ मात्र लगेच वापरावेत, नासतात.

डोंबिवलीकर
@सातारी, मी भाषणाचं विचारत होतो. पण शालींचं बाबांना सांगतो, घरात अकरा आहेत.

अण्णा (निवृत्त)
शेवटी समर्थ रामदासांचा "धन्याचा हा माल, मी तंव हमाल" हा अभंग म्हणावा, नम्रता आपोआप येते. आणि थैली मिळाली तर तिथेच संस्थेला देऊन टाकावी, स्वतःची भर घालून.

माईकवाला
अण्णा, तो अभंग तुकाराम महाराजांचा. "फोडिलें भांडार धन्याचा हा माल". ज्यांच्या तोंडी तो रोज असतो त्यांनी जरूर म्हणावा. भाषणापुरता पाठ केलेला ऐकणाऱ्याला कळतो.

थैलीचं म्हणणं बरोबर, पण "तिथेच" नको. धनादेश सत्कारमूर्तींच्या नावाचा असतो. तो खात्यात भरून मग संस्थेला द्यावा लागतो आणि पावती संस्थेकडून घ्यावी लागते. द्यायचंच असेल तर आयोजकांना आठ दिवस आधी सांगा, ते धनादेश थेट संस्थेच्या नावाने काढू शकतात. एकदा व्यासपीठावर रक्कम जाहीर झाली आणि घरच्यांना ती तिथेच कळली. बाईंचा चेहरा मी समोरून पाहिला.

डोंबिवलीकर
बाबांनी आईला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "द्या, पण नवीन गाद्या घ्या. ठिगळं किती लावायची?" गेल्या आठवड्यात दोन आल्या.

@नाशिकची सून, तुमचं वाचून बाबांना विचारलं, कुणी राहिलं का? ते बराच वेळ आठवत बसले आणि मग म्हणाले, टेम्पोवाला.