२७ फेब्रुवारीची पोस्ट: घोषणा ठेवायच्या की काढायच्या?

ग्रंथसखी: आमच्या गावच्या वाचनालयाची ही पोस्ट दरवर्षी जाते. मला ती पोकळ वाटते. मनापासून लिहिल्यासारखी कशी करता येईल?
“मराठी राजभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा! अमृताहूनी गोड, संस्कृतीचा श्वास, माय मराठी! गर्व आहे मराठी असल्याचा! चला, मराठी वाचूया, जपूया, वाढवूया!”

सदाकाका: ‘राजभाषा दिन’ चूक आहे. २७ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन. तेवढं बदला, बाकी छान आहे.

मुद्रितशोधक: काका, राजभाषा दिन २७ ला नाही हे बरोबर, तो १ मे रोजी. पण मातृभाषा दिन २१ फेब्रुवारीला, आणि तो जगभरचा. २७ ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवसाचं नाव मराठी भाषा गौरव दिन.

ताई, खरी अडचण मात्र पुढे आहे. पोस्टमधला ‘मराठी’ शब्द काढून ‘कन्नड’ घाला, बाकी काहीच बदलावं लागत नाही. दुसऱ्या भाषेला जसंच्या तसं बसणारं वाक्य काढून टाका.

‘गर्व’ तर आधी काढा. मराठीत गर्व होतो, चढतो आणि मग उतरतो. गर्वाचं घर खाली. चांगल्या अर्थानं आपण अभिमान म्हणतो. ‘गर्व आहे’ ही हिंदी घोषणेची नक्कल आहे.

‘अमृताहूनी गोड’ नामदेवांच्या अभंगातलं, आणि तिथे गोड आहे ते देवाचं नाव. भाषेबद्दलची ओवी ज्ञानेश्वरांची, ‘अमृतातेंही पैजा जिंके’. तिचा शेवट आहे ‘ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन’. म्हणजे अशी अक्षरं मी जुळवीन, असा तो शब्द दिलेला आहे. ‘मेळवीन’ गाळलं की नुसती फुशारकी उरते.

आता सांगा, त्या आठवड्यात वाचनालयात नेमकं काय चालू असतं?

ग्रंथसखी: दिवाळी अंकांची योजना अजून चालू असते. तोवर अंक पार खिळखिळे होतात. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद असतो, तो भरला की त्यावर नवा डकवतो. देवघेव संध्याकाळी ५ ते ८.

ढोलताशा: घोषणा काढायच्या कशाला? पाडव्याच्या शुभेच्छांना कुणी तपशील मागत नाही. चार ठसठशीत शब्द सगळ्यांनी मिळून म्हणण्यातही माया असते. चौकातला फलक लोक गाडीवरून जाताना वाचतात, तिथे तुमचा डकवलेला कागद कुणाला दिसणार?

मुद्रितशोधक: फलकापुरतं मान्य. तिथे दिवसाचं नाव आणि एक ओळ पुरे. पण ही पोस्ट लोक घरी बसून फोनवर वाचतात. ताई, हा मसुदा बघा:

“दिवाळी होऊन तीन महिने उलटले, तरी आपले दिवाळी अंक अजून घरोघर फिरताहेत. काहींना चिकटपट्टी लागली, काहींचं मुखपृष्ठ गेलं. पुस्तकातला तारखांचा कागद भरला की आम्ही त्यावर दुसरा डकवतो. काही पुस्तकांत असे चार-चार थर झालेत. आज २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. संध्याकाळी ५ ते ८ देवघेव चालू आहे. वर्गणी भरलेली नसली तरी या आणि एक अंक घरी न्या.”

चार थर खरोखर असतील तरच लिहा. वर्गणीचं वाक्य समितीनं होकार दिला तरच; दारातून कुणी परत गेलं तर सगळी पोस्ट खोटी ठरेल. थरांच्या वाक्यानंतर ‘अशीच आपली मराठी टिकते’ असं लिहायचा मोह होईल. तिथेच हात आवरा, वाचणाऱ्याला ते कळलेलं असतं.

सदाकाका: ‘फिरताहेत’, ‘झालेत’ ही बोली झाली. संस्थेनं ‘फिरत आहेत’ असंच लिहावं.

मुद्रितशोधक: तसंही चालेल, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा. शीर्षकात ‘दिनानिमित्त’ मात्र जोडून लिहा. ‘दिना निमित्त’ असं तोडलेलं फार दिसतं, आणि या दिवशी ते जास्तच खुपतं.

बडोदेकर: आमच्या मंडळातली मुलं मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती लिपी. पोस्ट गुजराती अक्षरांत मराठी लिहून टाकावी का?

ढोलताशा: मुळीच नको. त्या एका दिवशी तरी देवनागरी वाचू दे त्यांना.

मुद्रितशोधक: गुजरातीत ळ आहे, त्यामुळे लिहायला अडचण नाही. ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतल्या च चा फरक आपण देवनागरीतही दाखवत नाहीच. मी दोन्ही लिप्या एकाखाली एक ठेवल्या असत्या.

बडोदेकर: मग मुलं वरची ओळ सोडूनच देतील, ही भीती आहे.

ग्रंथसखी: समिती एका अंकापुरती तयार झाली. थर मोजले, एका कादंबरीत पाच निघाले. पण अध्यक्षांना ‘अभिमान आहे’ हवंच आहे.

मुद्रितशोधक: मग कशाचा ते त्याच वाक्यात येऊ द्या. यंदा अंक किती घेतले?

ग्रंथसखी: ३९.

मुद्रितशोधक: “आपल्या वर्गणीतून यंदा ३९ दिवाळी अंक घेतले, याचा आम्हाला अभिमान आहे.” हे पहिलं वाक्य करा.

ढोलताशा: हे चालेल. फलकावर मात्र ‘माय मराठी’ राहू दे.