मदत हवी आहे: रिटेन्शन आलेखातील खळगा कसा वाचावा?

बेळगावजवळच्या राजहंसगडावरील माझ्या नऊ मिनिटांच्या मराठी व्हिडिओत पहिल्या ३० सेकंदांनंतर ६२ टक्के प्रेक्षक उरतात. ही घसरण मला समजते, कारण शीर्षकात गड असूनही सुरुवातीला येळ्ळूरचा रस्ताच दिसतो. पुढच्या वेळी थेट तटबंदीपासून सुरुवात करीन.

अडचण ३:१० ची आहे. तिथे इतिहासाचे निवेदन सुरू होताच रेषा ४८ वरून ३५ वर येते, आणि ४:२० ला, बुरूज दिसू लागताच, पुन्हा ४५ वर चढते. म्हणजे बहुतेक जण निघून न जाता तेवढा भाग ओलांडतात, असे मला वाटते. नवे आणि परतणारे प्रेक्षक वेगळे करून पाहिले, तरी खळगा दोन्हींत आहे. इतिहास वगळायचा नाही. मग पुढील व्हिडिओत तो बुरुजांच्या दृश्यांवर तुकड्यांनी विभागावा, की सलग ठेवून फक्त लांबी कमी करावी?