दुसऱ्या सिमवर नेट का चालत नाही? आपापले अनुभव सांगा

माळरान

फोनमध्ये दोन सिम, दोन्हींच्या दांड्या भरलेल्या, कॉल दोन्हींवर येतात. नेट मात्र एकाच सिमवर चालतं. डेटा दुसऱ्या सिमवर वळवला की गोल गोल फिरत राहतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे निम्मे प्रतिसाद वाचतील. आपल्या नेहमीच्या फोनांत कॉलसाठी दोन्ही सिम जागी असतात, पण नेट एका वेळी एकाच सिममधून येतं. ते कुठल्या सिममधून घ्यायचं हे सेटिंगमध्ये आपण ठरवतो. त्यामुळे 'दोन्हींवर एकदम चालत नाही' हा बिघाड नाही, फोनची रचनाच तशी आहे. धागा त्यापुढचा आहे. डेटासाठी दुसरं सिम निवडलं, तरीही नेट आलं नाही, तर तुमच्याकडे कारण काय निघालं? काय दिसत होतं आणि काय केल्यावर सुरू झालं, ते सांगा. कंपन्यांना शिव्या घालायला वेगळी जागा आहे.

सोनचाफा

आईचा फोन. तिच्या पहिल्या सिमचा रोजचा डेटा दुपारीच संपतो (कीर्तनं!). म्हणून भावाने डेटा दुसऱ्या सिमवर करून दिला. वर 4G दिसतंय, व्हॉट्सअॅपवर मात्र प्रत्येक मेसेजपुढे घड्याळ. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला APN, म्हणजे सिमला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग, गेलंय. APN उघडून पाहिलं तर व्यवस्थित.

शेवटी रिचार्ज तपासला. दुसऱ्या सिमवर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक होता, डेटा शून्य. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने असे बिनडेटाचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, तेव्हापासून घरोघरी जुना नंबर जिवंत ठेवायला हेच पॅक मारतात. आणि ते 4G दिसतं त्यावर जाऊ नका. हल्ली कॉलही 4G वरूनच जातो, त्यामुळे डेटा पॅक नसला तरी ते अक्षर येऊ शकतं. आधी वायफायवर कंपनीचं अॅप उघडून पॅकमध्ये डेटा आहे का ते बघा, बाकीचं नंतर.

अण्णा_मिरज

एवढं काही करायची गरज नाही. पहिल्या खाचेतच नेट चालतं, दुसरी खाच फक्त बोलण्यासाठी असते. ज्याचं नेट हवं ते सिम एक नंबरला टाका, विषय संपला. आमच्याकडे सगळ्यांचे फोन असेच चालू आहेत.

रिपेअरवाला

अण्णा, तुमचं म्हणणं एका काळी खरं होतं. 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा बाजारातल्या बऱ्याच फोनांत 4G एकाच खाचेला होतं, दुसरी 2G वर. जिओला 2G-3G नव्हतंच, त्यामुळे ते सिम दुसऱ्या खाचेत टाकलं की साधी रेंजही यायची नाही. लोकांच्या डोक्यात 'एक नंबर नेटचा' हे तेव्हापासून बसलंय. आजच्या फोनांत दोन्ही खाचांना 4G असतं. जुना सेट असेल तर तुमचा उपाय अजूनही बरोबर.

मी दुकानात पहिल्यांदा काय करतो ते सांगतो. फोन बंद करून दोन्ही सिमची अदलाबदल. मग सेटिंगमध्ये जाऊन, जे सिम चालत नव्हतं तेच पुन्हा डेटासाठी निवडायचं, कारण ही निवड खाचेला नाही, सिमला चिकटलेली असते. हे विसरलात तर चाचणीच फसते. आता तेच सिम नव्या खाचेतही गप्प असेल तर दोष सिमच्या बाजूचा: पॅक, APN किंवा खुद्द सिम. ते सुरू झालं आणि आधी चालणारं बंद पडलं, तर दोष त्या खाचेचा. मग सेटिंग चाळण्यात वेळ घालवू नका, फोन दुरुस्तीला द्या.

परवाचीच केस. गिऱ्हाईकाच्या पहिल्या सिमवर नेट उत्तम, दुसऱ्यावर काहीच नाही. पॅकमध्ये डेटा शिल्लक. अदलाबदलीनंतरही तेच सिम गप्प, म्हणजे खाच निर्दोष. APN चं पान उघडलं. हे पान प्रत्येक सिमचं वेगळं असतं, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. त्यांच्या पुतण्याला पहिल्या सिमच्या कंपनीकडून सेटिंगचा एसएमएस आला होता. त्याने तो वाचून `airtelgprs.com` टाइप केलं, पण पान उघडलं होतं दुसऱ्या सिमचं! दुसरं सिम त्या कंपनीचं नव्हतंच. काही नेटवर्क असं चुकीचं नाव चालवून घेतात, काही सरळ दार लावतात. इथे दार लावलं होतं.

त्या पानावर वर उजवीकडे तीन ठिपके असतात, त्यात Reset to default. ते केलं की सिमच्या कंपनीची मूळ नोंद परत येते. इथे तेवढ्यावर भागलं. यादीच रिकामी आली तर हाताने भरावं लागतं. जिओला `jionet`, बीएसएनएलला `bsnlnet`. APN type मध्ये `default,supl` लिहा. तिथे `default` नसेल तर ती नोंद नेटसाठी वापरलीच जात नाही. सगळं लहान अक्षरांत, आणि शेवटी मोकळी जागा राहिली नाही ना ते बघा. कीबोर्ड सुचवलेला शब्द घेतला की तो मागे एक स्पेस टाकतो, ती डोळ्यांना दिसत नाही. मग Save करायचं, परत यादीत येऊन त्या नोंदीपुढचा गोल निवडायचा आणि विमान मोड लावून काढायचा. यादीत `ims` नावाची नोंद असेल तर तिला हात लावू नका, तिच्यावर 4G चे कॉल चालतात.

सोनचाफा

रिपेअरवाले दादा, मग पॅक नाही की APN चुकलंय हे नुसतं बघून कळतं का?

रिपेअरवाला

ताई, खात्रीने नाही. APN चुकलं असेल तर बऱ्याचदा डेटाचं अक्षर येतच नाही किंवा दांड्यांवर उद्गारचिन्ह येतं. पॅक नसेल तर अक्षर येतं आणि पुढे काही हलत नाही. पण काही फोन अक्षर कायमच दाखवतात, त्यामुळे यावर पैज लावू नका.

मीटर_डाउन

माझा प्रॉब्लेम थोडा वेगळा. मी ठाण्यात कॅब चालवतो. नेट पहिल्या सिमवर, गिऱ्हाइकांचे फोन दुसऱ्यावर. गिऱ्हाईक 'कुठे आलात' विचारायला फोन करतं आणि नेमका तेव्हाच नकाशा थांबतो. फोन ठेवला की परत चालू. दुकानात दाखवलं तर त्यांना सगळं ठीकच दिसतं, कारण तेव्हा कॉल चालू नसतो.

माळरान

दादा, दुसऱ्या सिमवर बोलणं चालू झालं की पहिल्याचं नेट तेवढा वेळ थांबतं, ही या फोनांची मर्यादा आहे. SIM manager मध्ये किंवा मोबाइल नेटवर्कच्या पानावर Auto data switching किंवा कॉलदरम्यान डेटा असं काहीतरी बटण सापडेल. आयफोनमध्ये ते Allow Mobile Data Switching. ते चालू केलं की बोलणं सुरू असेपर्यंत फोन बोलणाऱ्या सिमचंच नेट घेतो. अर्थात त्या सिमवर डेटा पॅक हवा. नाहीतर सरळ गिऱ्हाइकांच्या नंबरवरूनच नेट घ्या. 4G कॉलमध्ये बोलणं आणि नेट एकाच सिमवर सोबत चालतं.

मीटर_डाउन

केलं चालू. आज दोन कॉल आले, नकाशा हलला नाही, म्हणजे थांबला नाही. पण दुसऱ्या सिमवर छोटा डेटा पॅक मारावा लागला. तो खर्च आलाच.

वंदना_जोगळेकरवाडी

माझंही असंच आहे. बँकेचं अॅप म्हणतं एसएमएस पाठवता आला नाही. मी नेट दोन्ही सिमवर फिरवून बघितलं, तरी नोंदणी होत नाही. APN मध्ये काय लिहू?

रिपेअरवाला

ताई, यात APN चा संबंध नाही. पडताळणीचा तो एसएमएस बँकेत दिलेल्या नंबरवरूनच जायला हवा. अॅप विचारेल तेव्हा तेच सिम निवडा आणि त्या सिमवर एसएमएस जाईल इतका रिचार्ज आहे का बघा. नेट कुठल्याही सिमचं असेना.

अण्णा_मिरज

पण व्हॉट्सअॅप ज्या नंबरवर आहे त्याच सिमचं नेट लागतं ना?

रिपेअरवाला

नाही अण्णा. वायफायवर चालतंच की!

तोक्योकर

आयफोनवाल्यांसाठी एक. जपानमध्ये स्वस्तातलं सिम घेतलं की कंपनी APN ची एक प्रोफाइल फोनमध्ये टाकायला लावते. सुट्टीला पुण्यात आलो, भारतातलं सिम डेटासाठी निवडलं, रोमिंग वगैरेचा प्रश्नच नव्हता, तरी नेट नाही. कॉल व्यवस्थित. APN बदलायला गेलो तर ते पानच दिसेना. Settings मधल्या General मध्ये VPN & Device Management आहे, तिथे ती जपानी प्रोफाइल बसली होती. ती काढली आणि नेट लगेच आलं. परत जाताना ती पुन्हा टाकावी लागते, म्हणून कंपनीच्या पानाची लिंक जपून ठेवली आहे. पुन्हा टाकायची तर वायफाय लागतो, विमानतळावरच उरकून घ्या.

उलट दिशेनेही लक्ष ठेवा. परदेशात भारतातल्या सिमवर नेट हवं असेल तर Data Roaming प्रत्येक सिमला वेगळं चालू करावं लागतं. आणि नको असेल तर ते बंद ठेवून, वरचं आपोआप बदलणारं बटणही बंद करा. फोनने गुपचूप भारतातलं सिम धरलं तर बिल बघून झोप उडेल.

सड्यावरची

आम्ही राजापूरच्या वर सड्यावर. एक सिम घरी चालतं, दुसरं खाली बाजारात. वरचं वाचून Auto data switching चालू केलं. बाजारात उतरले की बदलतं, पण संध्याकाळी घरी आल्यावर परत बदलत नाही. बाजारातल्या सिमला घरी एक दांडी असते, नेट नसतं. फोन त्या एका दांडीला धरून बसतो.

रिपेअरवाला

रेंज पूर्ण गेली की फोन लगेच बदलतो. दांडी आहे पण नेट रडतंय अशा वेळी कधी बदलायचं हे प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या पद्धतीने ठरवतो, आणि ते आपल्याला सेटिंगमधून सांगता येत नाही. डेटाचं मुख्य सिम घरचं ठेवून बघितलं का?

सड्यावरची

तेच ठेवलंय. मुख्य घरचंच आहे, तरी बाजारातून आल्यावर तासभर जुनंच धरून बसतो. सध्या घरी आल्यावर वरचा पडदा ओढून हातानेच बदलते. कोणाच्या फोनमध्ये हे नीट चालत असेल तर मॉडेल सांगा.