मीटिंग ‘झाली’, पण ट्रेनिंग ‘झालं’: ऑफिसातले इंग्रजी शब्द उसने की भाषाच बदललेली?

पौडरोडकर: टीममध्ये कालपासून वाद चाललाय. मी म्हणालो, “क्लायंटचा मेल आलाय, फाइल अपडेट करून पाठव, आय थिंक दे आर नॉट हॅपी विथ अस.” शेजारची म्हणते, तू दर दोन शब्दांनी भाषा बदलतोस, यालाच कोड स्विचिंग म्हणतात. मी म्हणतो, मेल आणि फाइल आता मराठीच झालेत, उसने घेतलेले शब्द आहेत. कोण बरोबर?

कोशवाला: सोपं आहे. शब्दकोशात सापडला तर उसना, नाही सापडला तर भाषा बदलली. टेबल, स्टेशन, फाइल पास. अपडेट नापास.

भाषामास्तर: कोश मागाहून नोंद करतो. लोक एखादा शब्द पंधरा वर्षं वापरतात तेव्हा कुठे तो छापला जातो, आणि त्या पंधरा वर्षांत तो कुठल्या भाषेत होता म्हणायचं? त्यापेक्षा शब्द कुणाचं व्याकरण पाळतोय ते बघा.

पौडरोडकरांचंच वाक्य घ्या. ‘क्लायंटचा मेल आलाय’ यात मेल पुल्लिंगी झाला, म्हणून ‘चा’ आणि ‘आला’. इंग्रजीत त्याला हे लिंग नव्हतं, ते इथे येऊन मिळालं. ‘अपडेट करून’ मध्ये अपडेट नुसता बसून आहे, काळ आणि पुरुष सगळं ‘करणे’ वाहतंय. ‘अपडेटतो’ कुणी म्हणत नाही. हे दोन्ही तुकडे मराठी चालीने चाललेत. पण ‘आय थिंक दे आर नॉट हॅपी’ मध्ये मराठीचा एकही प्रत्यय नाही आणि शब्दांचा क्रमही तिकडचा. तिथे भाषा खरोखर बदलली. म्हणजे त्या वाक्यात एकदाच, दर दोन शब्दांनी नाही.

लिंगाची गंमत बघण्यासारखी आहे. मीटिंग झाली, पण ट्रेनिंग झालं आणि बुकिंगही झालं. तिघांचा शेवट सारखा, तरी मीटिंग वेगळी पडली. माझ्या मते तिने बैठकीचं किंवा सभेचं लिंग उचललं. नुसता इंग्रजी तुकडा फेकला असता तर एवढी खटपट कशाला झाली असती?

निवृत्त_कारकून: आम्ही एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. कागदोपत्री ‘नस्ती’, तोंडाने ‘फाइल’. 1964 चा राजभाषा कायदा झाला तरी साहेब ओरडायचे ते “ती फाइल कुठाय?” असंच. तुमच्या कंपनीत मराठीची सक्ती केली आहे का?

पौडरोडकर: नाही काका, सक्ती नाही. कोण बरोबर एवढंच विचारतोय.

निवृत्त_कारकून: मग ठीक. आमचे वडील मात्र हापिस आणि इष्टेशन म्हणायचे. तो खरा मराठी झालेला शब्द.

भाषामास्तर: काका, उच्चाराची खूण फसवी आहे. पुढे इंग्रजी शिकलेल्यांनी हापिसचं परत ऑफिस केलं, म्हणून काही तो शब्द नव्याने आला नाही. ‘ऑफिसात’ हे रूप बघा, आतला ‘आ’ मराठीच आहे.

इचलकरंजीची_अनुवादक: मास्तर, एवढं सरळ नाही हो. तुम्ही म्हणताय ते भाषाशास्त्रज्ञ शाना पोपलॅकबाईंच्या बाजूचं: एकट्या शब्दाला घरच्या भाषेचं व्याकरण लागलं की तो उसना, मग तो आयुष्यात एकदाच का वापरला असेना. दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन वेगळं म्हणतात. त्यांच्या मते एकटा शब्दही भाषापालट असू शकतो, आणि उसना होणं ही एका झटक्यात ओलांडायची रेघ नसून हळूहळू चढायची वाट आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

मला मराठीत सामान्यरूप ही चांगली मोजपट्टी वाटते. जुने शब्द बघा: बँकेत, कोर्टात, पोस्टात, टेबलावर. शब्द आतून बदललाय. आता नवे बघा: लॅपटॉपवर, ॲपमध्ये, फोल्डरमध्ये. प्रत्यय बाहेरून चिकटवलाय, शब्द जसाच्या तसा. माझ्या हिशोबाने पहिले घरचे झाले, दुसरे अजून ओसरीवर बसलेत.

भाषामास्तर: मोजपट्टी छान आहे, पण ‘बस’ तिथे अडकते. मुंबईत मोटारबस 1926 साली धावू लागली. शंभर वर्षं होत आली तरी आपण ‘बसमध्ये’च म्हणतो. आणि दुसरीकडे आपली स्वतःची नावंही सामान्यरूप सोडत चाललीत. आजी ‘रामाला’ म्हणायची, नातू ‘रामला’ म्हणतो. राम काही परका नाही. तेव्हा सामान्यरूप आलं तर शब्द मुरलाय हे नक्की, पण आलं नाही म्हणजे मुरला नाही असं उलटं म्हणता येत नाही.

इचलकरंजीची_अनुवादक: बसचं मान्य. ‘बशीत’ म्हटलं तर चहा सांडेल.

सह्याद्रीचा_वारा: हे सगळे बहाणे आहेत. इंग्रजी शब्दाला प्रत्यय डकवला की तो मराठी? मग उद्या शब्द सगळे त्यांचे आणि प्रत्यय तेवढे आपले. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, तुम्ही तर घरच बळकावू देताय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय हौस म्हणून? भाषेची जबाबदारी कुणी घ्यायची?

भाषामास्तर: ‘बहाणे’ आणि ‘जबाबदारी’ दोन्ही फारसीच्या वाटेने आलेत. कोश झाला, त्याने राज्यकारभाराला संस्कृत शब्द दिले, त्याचं मोल आहेच. तरी पुढे पेशव्यांच्या दप्तरांत फारसी शब्द राहिलेच. आणि ‘प्रत्यय तेवढे आपले’ हे तुम्ही तुच्छतेने म्हणताय, पण भाषेचा सांगाडा तोच असतो.

याच्या बरोबर उलटी गोष्ट आपल्या सांगली जिल्ह्यात घडली आहे. कुपवाडमध्ये मराठी, कानडी, उर्दू शेजारी शेजारी नांदल्या. गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 मध्ये लिहिलं, की तिथे प्रत्येकाने आपले शब्द वेगळे राखले, पण वाक्याची घडण इतकी एकसारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येतं. ऑफिसात शब्द बदलतायत आणि घडण टिकून आहे.

सह्याद्रीचा_वारा: घडण राहिली म्हणून काही गेलं नाही? मी म्हणतो गेलं. आमच्याकडे ‘पुढे ढकलली’, ‘लांबणीवर टाकली’ आणि ‘तहकूब केली’ या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिलीत नवी तारीख असते. दुसरीत कुणाची तरी टाळाटाळ असते. तिसरीत काम सुरू होऊन मध्येच थांबलेलं असतं. आता तिन्ही ठिकाणी ‘पोस्टपोन झाली’. हे कुठल्या व्याकरणात मोजता?

भाषामास्तर: हे मात्र खरं आहे, आणि उसना की पालट या मोजमापात ते येतच नाही. शब्द पूर्ण मुरलेला असूनही तीन शेजाऱ्यांना हुसकावू शकतो. (तहकूबही अरबीतून आलाय, पण आज ते राहू द्या.)

कोशवाला: म्हणजे अपडेट पास की नापास?

इचलकरंजीची_अनुवादक: आणि ‘सो’, ‘ॲक्चुअली’, ‘बट’ यांचं काय? यांना लिंग नाही, सामान्यरूप नाही, ‘करणे’ही लागत नाही. वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतात. मास्तरांची एकही खूण यांना लागू पडत नाही.

भाषामास्तर: नाही पडत. ‘सो’ला मी उसना म्हणेन, कारण त्याच्या पुढचं वाक्य बहुतेक वेळा मराठीतच येतं. पण पैज लावणार नाही.

पौडरोडकर: आज ऑफिसात शेजारणीला हे सगळं वाचून दाखवलं. ‘आय थिंक’च्या बाबतीत ती जिंकली, फाइलच्या बाबतीत मी, असं ठरलं. मग ती म्हणाली, “बरं, ती मेल मलाही फॉरवर्ड कर.” मी म्हणालो, “ती मेल? तो मेल!” आता निम्मी टीम तिच्या बाजूने आहे.