डबल एजंट, हँडलर, डेड ड्रॉप, बर्न्ड असेट म्हणजे नक्की काय?

नवीवाचक: हेरकथा आत्ताच वाचायला घेतल्यात आणि हे शब्द सारखे आडवे येतायत. जो दोन्हीकडून पैसे घेतो तो डबल एजंट ना? आणि पुलाखाली पाकीट ठेवून निघून का जातात, सरळ भेटून का देत नाहीत?

रात्रपाळी: हो, दोन्हीकडचे पैसे खाणारा तो डबल एजंट. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन, तोच की.

जुनाखोड: पैशावरून नाही ठरत ते. हॅन्सन एफबीआयमध्ये नोकरीला राहून गुपितं मॉस्कोला विकत होता, त्याला मोल म्हणतात. डबल एजंट म्हणजे शत्रूला वाटतं हा आपला हेर आणि तो काम करतो दुसऱ्याच्या सांगण्यावरून. हुआन पुजोल बघा, जर्मनांना वाटायचं लंडनमधला आपला माणूस, पण त्याचे रिपोर्ट तयार व्हायचे ब्रिटिश हँडलर टोमस हॅरिसबरोबर बसून. जून 1944 मध्ये नॉर्मंडीत फौजा उतरल्यावर त्याने कळवलं की हा नुसता देखावा आहे, खरा हल्ला पुढेच आहे, आणि जर्मनांनी विश्वास ठेवला.

काकडेवाडी: हँडलर म्हणजे कुत्रा सांभाळणारा ना? माझा चुलतभाऊ पोलिसांच्या श्वान पथकात आहे, त्याला हँडलरच म्हणतात.

जुनाखोड: शब्द तोच, पण इथे तो हेराला सांभाळणारा अधिकारी. काय आणायचं ते सांगणं, पैसे पोचवणं, घाबरला तर धीर देणं आणि तो थापा तर मारत नाही ना हे बघणं, सगळं त्याच्याकडे.
आता पुलाचं. दोघं एकत्र दिसले की संपलं, म्हणून डेड ड्रॉप. हॅन्सन व्हर्जिनियातल्या फॉक्सस्टोन पार्कमध्ये कागद कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून लाकडी पुलाखाली ठेवायचा आणि पार्कच्या पाटीवर पांढरी टेप चिकटवायचा, टेप दिसली की समजायचं माल ठेवलाय. रशियनांना त्याचं खरं नावही माहीत नव्हतं. पण जागा एकदा कळली की पाळत ठेवणाऱ्याला नुसतं थांबायचं असतं, 18 फेब्रुवारी 2001 ला पिशवी ठेवून परत येताना तिथेच पकडला.

नवीवाचक: मग हॅन्सन बर्न झाला म्हणायचं का?

जुनाखोड: म्हणता येईल. असेट म्हणजे गुपचूप माहिती पुरवणारा माणूस, आणि तो कोण आहे हे समोरच्याला नक्की कळलं की तो बर्न झाला. पण हॅन्सनने ज्यांना बर्न केलं ते बघा. व्हॅलेरी मार्टिनोव्ह, वॉशिंग्टनमधला केजीबी अधिकारी, गुपचूप एफबीआयला माहिती द्यायचा. त्याचं नाव 1985 मध्ये सीआयएच्या आल्ड्रिच एम्सनेही दिलं आणि हॅन्सननेही. केजीबीने तिथे काहीच केलं नाही, मायदेशी परतणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या सोबतीला म्हणून मॉस्कोला नेलं, तिकडे अटक आणि नंतर मृत्युदंड. असेट बर्न झालाय हे त्याला स्वतःलाच शेवटी कळतं, हे फार वाईट आहे.

रात्रपाळी: पण नुसता संशय आला तरी बर्न्डच म्हणतात ना, मी तसंच वाचलंय.

जुनाखोड: काही लेखक म्हणतात तसं. मी नाही म्हणत, संशयातल्या माणसाला सुटायला अजून वाव असतो.

रात्रपाळी: मला नाही पटलं. त्याच्याकडून काम घेता येत नसेल तर फरक काय राहिला?